कोणता ब्रास, किती टन

वही तुझ्या हातात देतोय, पण त्याआधी एक काम कर. उद्या सकाळी पहिला टिप्पर खडी भरून काट्यावर आला की त्याच्या हौद्यात चढ आणि टेपने आतून माप घे. लांबी, रुंदी, उंची. आपल्या लाल टिप्परचा हौदा आतून १४ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि ४ फूट खोल आहे. गुणाकार ४२० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे काठोकाठ भरून सपाट केला तर ४.२ ब्रास. आता काट्यावर निव्वळ वजन बघ. वीस एमएम खडीचं साडेअठरा टनांच्या आसपास येईल. भागाकार केलास की एका ब्रासला ४.४ टन. मग याच टिप्परमध्ये खदानीतला डबर भरून आण. त्याचं वजन सतराच्या आसपास भरेल, म्हणजे ब्रासला चार टनांच्या जरा वर. डबराच्या मोठ्या दगडांमध्ये पोकळी जास्त राहते, म्हणून.

हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढ. मी खदानीत उतरलो तेव्हा पहिली सात-आठ वर्षं सगळा हिशेब ब्रासमध्येच ठेवत होतो. नफा दिसायचा, पण पैसा दिसायचा नाही. कारण ब्रास हे एकच माप तीन ठिकाणी तीन निराळ्या वजनाचं असतं. डबराचा आणि खडीचा ब्रास आता तू पाहिलास. तिसरा ब्रास डोंगराच्या पोटातला. आपला काळा दगड अखंड असताना घनमीटरला २.८ टनांच्या आसपास भरतो. ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणजे न फोडलेल्या दगडाचा एक ब्रास जवळपास आठ टनांचा झाला. तोच फुटला की पसरतो, फुगतो, आणि जागा जवळजवळ दुप्पट घेतो. भोकं पाडणारा पोटातल्या ब्रासवर बोलतो, टिप्परवाला हौद्यातल्या ब्रासवर आणि गिऱ्हाईक खडीच्या ब्रासवर. तिघांचे दर एकाखाली एक मांडून बेरीज केलीस तर ती बेरीज खोटी. म्हणून सगळं टनावर आण. टन कुठेही टनच राहतो.

आता एका सुरुंगाचा हिशेब करू. दर मी गोल धरतोय. तू कालच्या बिलावरचे घाल. रीत तीच राहते.

आपला कडा २० फूट उंच आहे. कड्यापासून आठ फूट आत पहिली ओळ, आणि ओळीत दोन भोकांमध्ये दहा फूट. कड्यापासूनच्या त्या आठ फुटांना आपला ब्लास्टर बर्डन म्हणतो. एका भोकाच्या वाट्याला दगड किती आला? आठ गुणिले दहा गुणिले वीस, १,६०० घनफूट. सोळा ब्रास पोटातले, म्हणजे १२७ टन. भोक मात्र २० फुटांचं नाही, २२ फुटांचं पाडायचं. ते खालचे दोन फूट फुकट गेल्यासारखे वाटतात आणि दर नवा मालक पहिल्याच वर्षी तिथे काटकसर करतो. ते दोन फूट नसले तर दगड तळाशी मोडत नाही, कड्याच्या पायथ्याशी टाच राहते. पोकलेन त्या टाचेवर दात घासत बसतं आणि शेवटी तिथे पुन्हा छोटी भोकं पाडावी लागतात. टाचेतली छोटी भोकं म्हणजे सगळ्यात महाग भोकं.

चार इंची भोकाचा दर फुटाला ७० रुपये धरला तर २२ फुटांचे १,५४० रुपये. एका भोकात सुमारे २६ किलो दारू, ७० रुपये किलोने १,८२०. वर डिटोनेटर, नळ्या, ब्लास्टरचं मानधन, दारूच्या व्हॅनचं भाडं मिळून भोकामागे ९०० रुपये. सगळे मिळून ४,२६० रुपये. भागिले १२७ टन: टनाला साडेतेहतीस रुपये. त्यात भोकाचे बारा आणि दारूचे साडेएकवीस. एका किलो दारूत साधारण पाच टन दगड निघाला. हे प्रमाण दर सुरुंगानंतर लिहीत जा. एकाच खदानीत ते एकदम साडेतीनवर आलं किंवा सातवर गेलं, तर काहीतरी बदललंय. दगड बदलला असेल, माप बदललं असेल, नाहीतर दारू पेटीतून भोकापर्यंत पोचली नसेल.

व्हॅनचं भाडं बारा भोकांना आणि तीस भोकांना सारखंच पडतं, हे ध्यानात ठेव. म्हणून आपण आठवड्यातून तीनदा लहान सुरुंग न लावता एकदाच तीस भोकांचा लावतो. गावाला धक्काही एकदाच बसतो, आणि भोकं एकामागोमाग काही मिलिसेकंदांच्या अंतराने सुटत असल्यामुळे तो धक्काही वाटतो तेवढा मोठा नसतो. पण वार आणि वेळ गावात आधी सांगून ठेव. एका विहिरीचं कठडं तडकलं की दोन दिवस काम बंद राहतं, आणि ते दोन दिवस कुठल्याच दरपत्रकात लिहिलेले नसतात.

आता मी स्वतः केलेली चूक सांगतो, कारण तूही ती करशील असं मला तुझ्या डोळ्यांत दिसतंय. एका उन्हाळ्यात खडीचा भाव पडला होता. मी म्हटलं, भोकं कमी करू. आठ-दहाऐवजी नऊ-बारा अशी मांडणी केली. एका भोकाच्या वाट्याला १२७ऐवजी १७१ टन आले. भोकाला खर्च तेवढाच, ४,२६०. टनाला साडेतेहतीसवरून पंचवीसवर आलो. ३,८०० टनांच्या सुरुंगाला पूर्वी तीस भोकं लागत, आता बावीस. आठ भोकांचे चौतीस हजार वाचले. संध्याकाळी मी तुझ्या बाबांना तो कागद दाखवला तेव्हा त्यांनी काही न बोलता तो खिशात ठेवला.

सुरुंग उडाला आणि ढिगारा पाहूनच पोटात गोळा आला. म्हशीएवढे दगड. आपल्या जॉ क्रशरचं तोंड ३६ बाय २४ इंचांचं. त्यात वीस इंचांच्या वरचा दगड घातला की तो तोंडात अडकून बसतो आणि गडी पहारी घेऊन वर चढतात. म्हणून वीस इंचांच्या वरचा प्रत्येक दगड ब्रेकरने फोडावा लागतो. चांगल्या सुरुंगात असे दगड दहा टक्के निघतात. त्या दिवशी तीस टक्क्यांच्या आसपास होते. ब्रेकर तासाला चाळीस टन फोडतो आणि त्याचा तास डिझेलसकट १,८०० रुपयांना पडतो. चांगल्या सुरुंगात ३८० टन फोडायचे, साडेनऊ तास, एकूण मालावर टनाला साडेचार रुपये. त्या सुरुंगात १,१४० टन, साडेअठ्ठावीस तास, टनाला साडेतेरा. इथेच नऊ रुपये गेले. म्हणजे भोकांत वाचवलेलं सगळं ब्रेकरनेच खाल्लं.

पण ते तिथेच थांबलं असतं तर मी आज हे सांगत बसलो नसतो. ढिगारा सैल पडला नव्हता, एकमेकांत अडकून बसला होता. पोकलेन एरवी तासाला दीडशे टन भरतं, ते शंभरावर आलं. तासाचे दोन हजार धरले तर टनाला साडेतेरावरून वीस रुपये. पोकलेन हळू भरतंय म्हटल्यावर टिप्पर रांगेत उभे. आपल्या दीड किलोमीटरच्या रस्त्यावर एक फेरी चोवीस मिनिटांत होते, तासाला अडीच फेऱ्या, सतरा टनांनी साडेबेचाळीस टन. टिप्परचा तास हजार रुपयांचा, म्हणजे टनाला साडेतेवीस. ती फेरी तीस मिनिटांची झाली, तासाला दोनच फेऱ्या, टनाला साडेएकोणतीस. भरणीत साडेसहा, वाहतुकीत सहा, ब्रेकरचे नऊ. टनाला एकवीस-बावीस रुपये जास्त, ३,८०० टनांवर ऐंशी हजारांच्या वर. चौतीस हजार वाचवायला गेलो आणि ऐंशी हजार घातले. टाचेत पुन्हा पाडलेली भोकं त्यात धरलेली नाहीत. महिन्याच्या शेवटी तुझ्या बाबांनी खिशातला तो कागद काढून मला परत दिला.

गंमत अशी की भोकाच्या खात्यावर तो महिना फार सुरेख दिसत होता. भोकं आणि दारू एका कंत्राटदाराची, पोकलेन दुसऱ्याचं, टिप्पर तिसऱ्याचे, प्रत्येकाचं पान वेगळं. पहिल्याच्या पानावरची काटकसर तिसऱ्याच्या पानावर खर्च म्हणून उगवते आणि तिथे तिचा बाप कोण हे कळत नाही. म्हणून सुरुंगाला क्रमांक दे. त्या क्रमांकाखाली भोकं, दारू, ब्रेकरचे तास, पोकलेनचे तास, फेऱ्या आणि काट्यावरचे टन हे सगळं एकाच पानावर लिही. एक सुरुंग, एक पान.

मग उलट, भोकं आणखी जवळ घेतली तर? तेही मी करून पाहिलंय. सात-नऊला दगड पार बारीक होतो, ढिगारा लांब फेकला जातो, जॉ क्रशरमध्ये न चावताच अर्धा माल खाली पडतो, आणि कच अन् डस्ट वाढते. ती विकली जाते, पण खडीच्या भावाने नाही. आपल्या कड्याला आठ-दहा बसतं. दुसऱ्या खदानीला बसेलच असं नाही. दगडात उभ्या भेगा दाट असतील तर मांडणी थोडी मोकळी ठेवता येते, कारण दगड आधीच अर्धा फुटलेला असतो. अखंड, घट्ट दगडात ती जवळ घ्यावी लागते.

मांडणी कागदावर बरोबर आणि डोंगरात चूक, असं होतं ते दोन कारणांनी. पहिलं म्हणजे कडा सरळ नसतो. वरून आठ फूट मोजून भोक पाडलं, पण कडा खाली पुढे आलेला असेल तर तळाशी तेच अंतर अकरा फूट भरतं. मग टाच राहणारच. कड्यावरून ओळंबा सोडून बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे. पण स्वतः काठावर वाकायचं नाही. पट्टा बांधलेल्या गड्याला सांग. उलट बाजूने, कडा आत गेलेला असेल तर दारूपुढचा दगड पातळ पडतो आणि तिथून दगड उडतो. उडालेला दगड ही हिशेबाची बाब नाही, पोलिसांची बाब आहे. त्यामुळे अशा भोकात किती भरायचं, भरायचं की नाही, हे परवाना असलेला ब्लास्टर ठरवील. तू नाही आणि मीही नाही.

दुसरं कारण, भोक मोजलंच जात नाही. कंत्राटदार फुटावर पैसे घेतो. त्याची मशीन २२ फूट गेली हे खरं, पण रात्रभरात वरचा भुगा, चिखल आत ढासळतो आणि सकाळी दारू भरताना भोक १९ फुटांचंच असतं. पैसे २२चे, काम १९चं, आणि खालचे दोन-तीन फूट, जिथे दारू सगळ्यात जास्त हवी, तिथे ती पोचतच नाही. म्हणून भरायच्या आधी प्रत्येक भोकात वजन बांधलेला टेप सोड आणि आकडा लिही. बिल त्या आकड्यावर द्यायचं. पहिल्या आठवड्यात कंत्राटदार कुरकुर करील. दुसऱ्या आठवड्यात भोकांच्या तोंडावर झाकणं दिसायला लागतील.

दारू भरून झाली की वरचे सात-आठ फूट ठासणीचे. आपले गडी पूर्वी तोच भोकाचा भुगा परत आत ढकलत. तो पिठासारखा असतो, धरून राहत नाही, आणि सगळा जोर वरच्या वर भुस्सकन निघून जातो. त्याऐवजी आपल्याच क्रशरची दहा एमएम खडी टाक. कोनाकोनांची खडी एकमेकीत अडकते आणि जोर आत कोंडून धरते. भोकाला दोन घमेली खडी, जेमतेम वीस-तीस रुपयांचा माल. मला विचारशील तर खदानीत याच्याइतके फायद्याचे वीस रुपये दुसरीकडे कुठे खर्च होत नाहीत.

सुरुंग उडाल्यावर धुराकडे बघायला शीक. पांढरा-करडा धूर ठीक. नारिंगी, तांबूस धूर निघाला तर बहुतेक वेळा भोकात पाणी होतं आणि दारू नीट जळली नाही. खतापासून केलेली स्वस्त दारू पाण्यात विरघळते. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने आपल्या खालच्या कड्याला झरा असतो, तिथे कांड्यांची, पाण्यात टिकणारी दारूच लागते. ती किलोला महाग पडते म्हणून ब्लास्टरशी घासाघीस करू नकोस. नारिंगी धुराचा अर्थ, पैसे भरले आणि दगड फुटला नाही. त्या धुरात कुणाला जाऊही देऊ नकोस, तो विषारी असतो.

दगडाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा लागतो तो तू पाहिलाच आहेस. लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर येण्याआधी जी माती झाली ती. तो पट्टा भोकाच्या मध्ये आला की दारूचा जोर त्या मऊ फटीतून निघून जातो. भोक पाडताना भुग्याचा रंग काळ्याचा लाल झाला की किती फुटांवर झाला ते ड्रिलवाल्याने सांगायलाच हवं. ब्लास्टर तेवढ्या भागात दारूऐवजी खडी भरतो. आणि लाल माती खडीत गेली तर प्लँटवाला गाडी परत पाठवतो, तिचं जाण्यायेण्याचं भाडं आपल्या माथी.

एवढं सगळं काम झालं, दगड क्रशरपर्यंत पोचला, तरी टनाचा निम्मा खर्चसुद्धा अजून झालेला नाही. आता रॉयल्टी.

महाराष्ट्रात दगडाची रॉयल्टी १ जुलै २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये झाली. आधी ती ४०० होती. तिच्यावर १० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे, म्हणजे ६६०. दर बदलला की पहिल्या पानावर तारखेसह बदल. हे ६६० कुठल्या ब्रासचे? पास गाडीवर निघतो, म्हणून गाडीतल्या सैल ब्रासचे. खडीचा ब्रास ४.४ टनांचा, म्हणजे टनाला १५० रुपये. तीच गाडी डबराने भरली तर टनाला १६३. म्हणून डबर टनावर विकताना खडीचाच रॉयल्टीचा आकडा धरलास तर टनामागे तेरा रुपये स्वतःच्या खिशातून देशील. आणि सच्छिद्र, हलका दगड लागला, आपल्या वरच्या थरात तो आहेच, तर ब्रासचं वजन आणखी घटतं आणि टनामागची रॉयल्टी वाढते. म्हणून म्हटलं, दोन-तीन महिन्यांनी हौदा पुन्हा मोज.

रॉयल्टीवरचा जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. तो पुढे वळता होतो, त्यामुळे टनाच्या खर्चात मी तो धरत नाही. पण खडीवरचा कर कमी आणि रॉयल्टीवरचा जास्त, त्यामुळे पैसा अडकून राहतो. तुझा सीए याबद्दल माझ्यापेक्षा बरं सांगेल.

रॉयल्टीत काटकसर होत नाही आणि करायचीही नाही. एका शेजाऱ्याने चार ब्रासच्या पासवर सहा ब्रास नेले, वर्षभर नेले. मग खात्याची माणसं मोजणीचं यंत्र घेऊन आली. ती गाड्या मोजत नाहीत, खड्डा मोजतात. खड्ड्यातून किती दगड गेला आणि किती ब्रासची रॉयल्टी भरली, यातली तफावत कागदावर आली. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे अशा मालावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे दोन टिप्पर अजून तहसीलच्या आवारात गंजतायत.

पण प्रामाणिक माणूसही या मोजणीत अडकतो, आणि ते तुला कळायला हवं. खड्ड्याचं माप पोटातल्या ब्रासचं येतं, पास सैल ब्रासचे असतात. मोजणीच्या अहवालात फुगवटा किती धरला, हे लेखी विचारून घे. दुसरं, खड्ड्यात नुसता दगड नव्हता, वर सहा फूट माती-मुरूम होता. तो आपण काढून बाजूला ठेवलाय, पण खड्डा तोही मोजतो. म्हणून नव्या तुकड्यात पोकलेन घालण्याआधी आणि मुरूम काढल्यानंतर, असं दोनदा सर्व्हेअर बोलावून पातळी मोजून घे आणि नकाशा सहीशिक्क्यासह फाइलला लाव. सर्व्हेअरची फी दोन टिप्परच्या खडीत निघते.

मुरमावरून आठवलं. तो काढायचा खर्चही दगडावरच पडतो. एका भोकाच्या ८० चौरस फुटांवर सहा फूट मुरूम म्हणजे ४.८ ब्रास. काढून बाजूला टाकायला ब्रासला अडीचशे धरले तर बाराशे रुपये, १२७ टनांवर साडेनऊ रुपये. काही लोक हे वर्षाच्या सुरुवातीलाच एकदा खर्ची टाकून मोकळे होतात आणि मग सांगतात की आमचा दगड स्वस्त निघतो. डोंगराच्या ज्या बाजूला मुरूम बारा फूट आहे तिकडे जायच्या आधी हा साडेनऊचा एकोणीस होतो, हे बघूनच जायचं.

आता बेरीज कर. मुरूम साडेनऊ, भोकं बारा, दारू साडेएकवीस, ब्रेकर साडेचार, भरणी साडेतेरा, क्रशरपर्यंत वाहतूक साडेतेवीस. साडेचौऱ्याऐंशी रुपये. रॉयल्टीचे १५०. उरलं ते बसून खाणारं: वॉचमन, मुकादम, पाण्याचा टँकर, पंप, परवान्यांची नूतनीकरणं, रस्त्याची डागडुजी. महिन्याला चार लाख धरले आणि वीस हजार टन माल निघाला तर टनाला वीस. एकूण अडीचशेला चार-पाच रुपये वर. क्रशरचा खर्च यापुढे. पण जुलै-ऑगस्टमध्ये आठ हजारच टन निघतात आणि तेच चार लाख टनाला पन्नास रुपये होतात. त्या दोन महिन्यांत कुणी उन्हाळ्याचा भाव मागितला तर हसून चहा पाज, भाव देऊ नकोस.

या बेरजेत तुझ्या हातात काय आहे ते बघ. रॉयल्टी सरकारच्या हातात, डिझेल बाजाराच्या. वाहतुकीचे साडेतेवीस मात्र आपल्या रस्त्यावर अवलंबून आहेत. चढाच्या वळणावर खड्डे पडले की ड्रायव्हर गिअर उतरवतो आणि फेरीला दोन-तीन मिनिटं वाढतात. सत्तावीस मिनिटांची फेरी झाली की टनाला तीन रुपये गेले. महिन्याच्या वीस हजार टनांवर साठ हजार. ग्रेडर एक दिवस आणून रस्ता सारखा करायला याच्या पावभागही लागत नाही, पण रस्त्याचं बिल डोळ्यांना दिसतं आणि ती तीन मिनिटं दिसत नाहीत. कधीतरी घड्याळ घेऊन वडाखाली बस आणि दहा फेऱ्या मोज. काकूला सांगून डबा घेऊन जा, अर्धा दिवस जातो.

आणि काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन. आपल्या संगणकात प्रत्येक टिप्परचं रिकामं वजन एकदाच घातलेलं आहे. पावसाळ्यात हौद्याच्या कोपऱ्यांत चिखल-भुग्याचा थर चिकटतो, टिप्पर रिकामा करताना तो पडत नाही. मी एकदा खरवडून काढायला लावला तर चारशे किलो निघाला. म्हणजे त्या गाडीच्या प्रत्येक फेरीत चारशे किलो चिखल आपण दगड म्हणून लिहीत होतो, सतरा टनांत सव्वादोन टक्क्यांहून जास्त. खदानीचं उत्पादन वहीत वाढलं, क्रशरच्या ढिगाऱ्यात वाढलं नाही, आणि मी महिनाभर क्रशरवाल्या पोरावर संशय घेत होतो. त्याची मी माफी मागितली, ती वेगळी गोष्ट. आता दर सोमवारी सकाळी सगळे टिप्पर आधी रिकामे काट्यावर चढतात. हे मोडू देऊ नकोस, ड्रायव्हर कितीही घाई करोत.

गुरुवारी पूर्वेकडच्या कड्याला तीस भोकांचा सुरुंग आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत भोकं पाडून होतील. गुरुवारी सकाळी ब्लास्टर यायच्या आत वजन बांधलेला टेप, वही आणि खडू घेऊन वर ये. भोकांना क्रमांक मी घालून ठेवतो, खोली तू मोज.